‘जे सभासद वरच्या मजल्यांवर राहतात.’ हे वाक्य पूर्ण झालं का?

शीर्षकातल्या ओळीत कर्ता आहे, क्रियापद आहे, शेवटी पूर्णविरामही आहे. तरी ती वाचून झाल्यावर आपण थांबत नाही. ‘बरं, मग त्यांचं काय?’ असं मनात येतं. पूर्ण वाक्य आणि अर्धवट वाक्य यांतला फरक इथे दिसतो. शाळेत शिकलेली ‘कर्ता आणि क्रियापद असलं की वाक्य’ ही व्याख्या अशा ठिकाणी पुरत नाही, कारण गौणवाक्यातही कर्ता आणि क्रियापद दोन्ही असतात. त्याला नसतो तो स्वतःच्या पायावर उभं राहण्याचा अधिकार. दुसऱ्या एखाद्या वाक्याचा भाग म्हणूनच ते घडवलेलं असतं. लिहिणाऱ्याने मधेच पूर्णविराम ठेवला, की तो भाग सुटून पडतो.

आधी एक गैरसमज दूर करू. माहिती अपुरी असणं वेगळं आणि वाक्य अपुरं असणं वेगळं. ‘तो गेला.’ यात कोण गेला, कुठे गेला, का गेला, काहीच कळत नाही. पण वाक्य पूर्ण आहे. ऐकणारा फार तर ‘कोण?’ असं विचारेल. ‘तो गेला तेव्हा.’ यात माहिती थोडी जास्तच आहे, तरी वाक्य अपुरं आहे. ऐकणारा ‘तेव्हा काय?’ असं विचारेल. पहिल्या प्रश्नात तपशील हवा असतो, दुसऱ्यात उरलेलं वाक्य हवं असतं. पुढे जे काही सांगणार आहे ते या दुसऱ्या प्रश्नाबद्दल आहे.

कोपरखैरणे, घणसोली, नेरूळ, किंवा खाडीपलीकडे ठाण्यात कोलशेत, मानपाडा, कुठल्याही सोसायटीच्या लिफ्टशेजारच्या फलकावर शोभेल अशी एक सूचना घेऊ. ही मी रचलेली आहे, पण हिच्या सख्ख्या बहिणी बऱ्याच वाचल्या आहेत:

‘जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम असल्यामुळे. शुक्रवारी पाणीपुरवठा बंद राहील. जे सभासद वरच्या मजल्यांवर राहतात. त्यांनी गुरुवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे. पाणी आले की. मोटार लगेच चालू केली जाईल. तरी कोणीही नळ उघडे ठेवू नयेत. कारण टाकी रिकामी झाल्यास मोटार जळू शकते. जेणेकरून सर्वांना पाणी मिळेल.’

नऊ पूर्णविराम आहेत. त्यांतले कोणते खरे आणि कोणते खोटे, ते एकेक करून पाहू.

पहिला लगेच निकालात निघतो. ‘असल्यामुळे’ हे क्रियापद नाहीच. ‘आहे’, ‘होतं’, ‘असेल’ ही वाक्य संपवणारी रूपं. ‘असल्यामुळे’, ‘झाल्यावर’, ‘करताना’, ‘जाऊन’ ही धातूपासून बनलेली, पण वाक्य न संपवणारी रूपं. व्याकरणात त्यांना कृदन्तं म्हणतात. म्हणजे पहिली ओळ गौणवाक्यसुद्धा नाही, नुसता शब्दसमूह आहे. अशी चूक सापडायला सोपी असते, म्हणून तिच्यावर फार वेळ घालवत नाही.

तिसरी ओळ शीर्षकातली. ती अपुरी का वाटते? सगळा दोष ‘जे’ या शब्दाकडे जातो. मराठीत ज-ने सुरू होणाऱ्या शब्दांचं एक कुटुंब आहे: जो, जी, जे, जेव्हा, जिथे, जसा, जितका, जर, जरी. यांतल्या प्रत्येकाची त-कुटुंबात एक जोडी आहे: तो, ती, ते, तेव्हा, तिथे, तसा, तितका, तर, तरी. ज-शब्द उच्चारला की मराठी कान त-शब्दाची वाट पाहू लागतो. ‘जिथे रस्ता संपतो’ म्हटलं की ‘तिथे’ यायला हवं. ते येईपर्यंत आपण श्वास धरून ठेवतो.

या जोडीतले दोन भाग सारख्या वजनाचे नसतात. ज-भाग लटकतो, त-भाग उभा राहतो. सूचनेतली चौथी ओळ बघा: ‘त्यांनी गुरुवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे.’ हे एकटं वाचलं तर ‘कोणी?’ असा प्रश्न पडेल, पण तो तपशिलाचा प्रश्न आहे. वाक्य धड आहे. ‘तेव्हा दार बंद होतं’, ‘तिथे एक पिंपळ आहे’, ‘तरी तो आला नाही’ ही सगळी पूर्ण वाक्यं आहेत, कारण त-शब्द आधी सांगितलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतो आणि कामाला लागतो. ज-शब्द मात्र अजून न सांगितलेल्या गोष्टीकडे बोट दाखवतो.

यातून दुरुस्तीचा एक सोपा मार्ग निघतो. ज-शब्द काढून त्या जागी त-शब्द घातला, तर बहुतेक वेळा तेच शब्द पूर्ण वाक्य होतात. ‘मी त्या गृहस्थांना भेटलो. जे महापालिकेत काम करतात.’ हे बातम्यांमध्ये आणि भाषणांत हल्ली फार ऐकू येतं. इथे ‘जे’च्या जागी ‘ते’ घाला: ‘मी त्या गृहस्थांना भेटलो. ते महापालिकेत काम करतात.’ दोन्ही वाक्यं सरळ उभी राहिली. मला तर ‘महापालिकेत काम करणाऱ्या त्या गृहस्थांना भेटलो’ हेच जास्त मराठी वाटतं, पण ती आवडीची बाब झाली.

अपवाद आहेत, आणि ते गमतीचे आहेत. ‘जो तो आपापल्या घाईत आहे.’ ठाणे स्थानकाच्या पुलावर संध्याकाळी उभं राहिलं की हे वाक्य आपोआप सुचेल. यात ‘जो’ आहे, पण तो एकटा नाही. ‘जो तो’ हा एकत्रच एक शब्द झाला आहे, अर्थ ‘प्रत्येकजण’. ‘जेव्हा तेव्हा’ म्हणजे ‘सारखं’. अशा ठिकाणी जोडीदार शेजारीच उभा असल्यामुळे वाट पाहण्यासारखं काही उरत नाही.

आता पाचवी ओळ: ‘पाणी आले की.’ यात ज-शब्द नाही. तरी ती लटकते. का, हे समजून घेणं मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं, कारण मराठीतली निम्म्याहून जास्त गोंधळाची ठिकाणं इथे उलगडतात.

पुढच्या दोन ओळी मोठ्याने वाचा:

‘लोकल बंद होती म्हणून.’

‘म्हणून लोकल बंद होती.’

शब्द तेच आहेत, फक्त ‘म्हणून’ची जागा बदलली. पहिली ओळ पुढचं काहीतरी मागते: म्हणून काय, रिक्षाने आलात? दुसरी ओळ पुढचं काहीच मागत नाही. ती मागच्याकडे पाहते: कशामुळे बंद होती ते आधी सांगून झालेलं असणार. आणि ती एकटी उभी राहू शकते. असंच इतर शब्दांचं होतं. ‘पाऊस थांबला तर.’ लटकतं, ‘तर पाऊस थांबला.’ उभं राहतं. गोष्ट सांगणारे आपण सगळेच असं वाक्य सुरू करतो. ‘कितीही समजावलं तरी.’ लटकतं, ‘तरी त्याने ऐकलं नाही.’ उभं राहतं. ‘पगार झाला म्हणजे.’ लटकतं, ‘म्हणजे पगार झाला.’ उभं राहतं.

नियम असा दिसतो: जोडणारा शब्द वाक्याच्या शेवटी, क्रियापदाच्या मागे चिकटून आला, तर तो पुढे हात पसरतो आणि त्याच्यावर पूर्णविराम देता येत नाही. तोच शब्द वाक्याच्या सुरुवातीला आला, तर तो मागच्या वाक्याला धरून असतो आणि पूर्णविराम चालतो. ज-कुटुंब याला अपवाद आहे. ते सुरुवातीला येऊनही पुढेच पाहतं.

हे कळलं की पाठ्यपुस्तकातली एक जुनी अडचणही सुटते. उभयान्वयी अव्ययांच्या याद्या पाठ करताना ‘म्हणून’ हा शब्द दोन वेगळ्या गटांत भेटतो. एकदा प्रधानत्वसूचकांमध्ये, परिणाम सांगणारा म्हणून. एकदा गौणत्वसूचकांमध्ये, उद्देश सांगणारा म्हणून. विद्यार्थ्याला वाटतं, हा एक शब्द दोन्हीकडे कसा? ‘वेळेवर पोहोचता यावं म्हणून तो सहालाच निघाला.’ इथे ‘म्हणून’ पहिल्या वाक्याच्या शेवटाला चिकटला आहे आणि ते वाक्य गौण आहे. ‘पहिली गाडी चुकली, म्हणून तो रिक्षाने गेला.’ इथे ‘म्हणून’ दुसऱ्या वाक्याच्या सुरुवातीला आहे आणि दोन्ही वाक्यं बरोबरीची आहेत. अर्थावरून भेद करायला गेलं की डोकं चक्रावतं. पूर्णविराम देऊन पाहा. ‘पहिली गाडी चुकली. म्हणून तो रिक्षाने गेला.’ चाललं. ‘वेळेवर पोहोचता यावं म्हणून. तो सहालाच निघाला.’ नाही चाललं.

‘की’ मात्र खोडकर शब्द आहे. ‘पाणी आलं की.’ ही ओळ बोलली कशी जाते त्यावर ती पूर्ण की अपूर्ण ते ठरतं. घरात कोणी विचारलं, ‘अजून पाणी नाही आलं?’ आणि स्वयंपाकघरातून उत्तर आलं, ‘आलं की!’ तर ते शंभर टक्के पूर्ण वाक्य आहे. तिथला ‘की’ काहीही जोडत नाही, नुसता ठासून सांगतो. जोर ‘आलं’वर पडतो आणि सूर खाली उतरतो. ‘पाणी आलं की मोटार लावू’ यातला ‘की’ जोडणारा आहे. त्याच्यावर सूर वरच राहतो, उतरत नाही. कागदावर सूर दिसत नाही. म्हणून सूचनेतल्या पाचव्या ओळीचे दोन अर्थ होऊ शकतात. एखाद्या आजोबांनी ती ‘पाणी आले की!’ अशी वाचली आणि बादली घेऊन नळाशी गेले, तर त्यांना दोष देता येणार नाही.

सहाव्या ओळीबद्दल तक्रार नाही. सातवीतलं ‘तरी’ सूचनांच्या भाषेतलं खास ‘तरी’ आहे. ‘तरी सर्वांनी उपस्थित राहावे’ यातला अर्थ ‘असं असूनही’ नसून ‘तेव्हा’, ‘म्हणून’ असा असतो. ते सुरुवातीला आहे, मागे पाहतं, वाक्य उभं राहतं.

आठव्या ओळीवर मात्र माझं पुस्तकांशी भांडण आहे.

‘कारण टाकी रिकामी झाल्यास मोटार जळू शकते.’ शालेय व्याकरणात आणि स्पर्धा परीक्षांच्या मार्गदर्शकांत ‘कारण’ हे गौणत्वसूचक उभयान्वयी अव्यय म्हणून दिलेलं असतं, कारणबोधक गटात. म्हणजे ‘कारण’ने सुरू होणारं वाक्य गौण, आणि त्याच्या आधी पूर्णविराम दिला तर ते अर्धवट ठरलं पाहिजे. परीक्षेत प्रश्न आला तर ‘मिश्र वाक्य’ असंच उत्तर लिहा, गुण मिळतील. पण भाषेत ‘कारण’ वागतं कसं, ते पाहिलं तर ते गौण वाक्यासारखं वागत नाही.

दोन कसोट्या लावून बघू. पहिली जागेची. खरं गौणवाक्य मराठीत मुख्य वाक्याच्या आधी सहज येतं. बहुतेक वेळा तीच त्याची स्वाभाविक जागा असते. ‘लोकल उशिरा आली म्हणून मी उशिरा पोहोचलो.’ ‘जर पाऊस थांबला तर जाऊ.’ आता ‘कारण’ पुढे आणून बघा: ‘कारण लोकल उशिरा आली, मी उशिरा पोहोचलो.’ हे मराठी नाही. कोणाच्याही तोंडी असं येत नाही. ‘कारण’चं वाक्य नेहमी मागूनच येतं, ‘पण’ किंवा ‘आणि’च्या वाक्यासारखं. ‘पण’ आणि ‘आणि’ तर पाठ्यपुस्तकातही बरोबरीची वाक्यं जोडणारे आहेत.

दुसरी कसोटी नाकारण्याची. पूर्ण वाक्य स्वतःच्या जबाबदारीवर काहीतरी सांगतं, म्हणून ऐकणारा ते थेट नाकारू शकतो. ‘मी उशिरा पोहोचलो. कारण लोकल उशिरा आली.’ यावर समोरचा म्हणू शकतो, ‘छे, आज लोकल वेळेवर होत्या.’ त्याने उशिराबद्दल वाद घातला नाही, फक्त ‘कारण’च्या वाक्यातलं विधान खोडलं. आता याच्या शेजारी सूचनेची नववी ओळ ठेवा: ‘जेणेकरून सर्वांना पाणी मिळेल.’ यावर ‘छे, मिळणार नाही’ म्हटलं तरी ते उत्तर नीट बसत नाही. पाणी मिळेल असं कोणी ठामपणे सांगितलंच नव्हतं, तो नुसता हेतू होता. हेतू कोणत्या कृतीचा, ते सांगणारं वाक्य बाहेर राहिलं आहे.

म्हणून माझ्या मते आठव्या ओळीचा पूर्णविराम खरा आहे. ‘कारण’ने नवं वाक्य सुरू करायला मराठीत हरकत नसावी, आणि चांगलं लिहिणारे ते करतातही. नववी ओळ मात्र अर्धवट आहे. ‘जेणेकरून’ मागून येतं, मागे पाहतं, तरी एकटं राहू शकत नाही. वर दिलेल्या जागेच्या नियमाला हा अपवाद आहे. त्याच्या पोटात ज-शब्द आहे, हे लक्षात ठेवलं तर अपवादाचं आश्चर्य वाटत नाही.

या नवव्या ओळीने आणखी एक नुकसान केलं आहे, आणि तुटक गौणवाक्य टाळण्याचं खरं कारण तेच आहे. व्याकरणाची शिक्षा कोणी देत नाही, पण अर्थ भरकटतो. सुटलेला भाग वाचणारा आपोआप लगतच्या वाक्याला जोडतो. इथे लगतचं वाक्य कोणतं? ‘मोटार जळू शकते.’ म्हणजे मोटार जळू शकते, जेणेकरून सर्वांना पाणी मिळेल! सचिवांच्या मनात नळ बंद ठेवण्याची विनंती होती, पण ती मागे राहिली.

सूचना नीट केली तर अशी होईल:

‘जलवाहिनीच्या दुरुस्तीचे काम असल्यामुळे शुक्रवारी पाणीपुरवठा बंद राहील. जे सभासद वरच्या मजल्यांवर राहतात, त्यांनी गुरुवारी रात्रीच पाणी भरून ठेवावे. पाणी आले की मोटार लगेच चालू केली जाईल. तरी सर्वांना पाणी मिळावे म्हणून कोणीही नळ उघडे ठेवू नयेत. टाकी रिकामी झाल्यास मोटार जळू शकते.’

‘कारण’ मी काढून टाकलं. ते चूक होतं म्हणून नव्हे. त्याच्या आधीच्या वाक्यात आता पाणी मिळण्याचा हेतू आला होता, आणि लागोपाठ दोन सबबी एकाच विनंतीला टांगल्या की ती विनंती वाकते.

असे पूर्णविराम पडतात कसे? लिहिणाऱ्याला मराठी येत नाही म्हणून पडतात, असं मला वाटत नाही. तोच माणूस बोलताना एकही वाक्य असं तोडत नाही. मला वाटतं, मराठीची स्वतःची ठेवणच त्याला फसवते. आपलं क्रियापद वाक्याच्या शेवटी येतं. मोडी लिपीत मजकूर लिहिला जात असे तेव्हा शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि आजच्यासारखी विरामचिन्हंही नव्हती. वाक्य संपलं हे क्रियापदावरून कळायचं. विरामचिन्हं आपल्याकडे छपाईबरोबर, इंग्रजीच्या वळणाने आली, आणि मराठीत ती रुळवण्याचं श्रेय मेजर थॉमस कँडी यांना दिलं जातं. म्हणजे चिन्ह नवं, पण ‘क्रियापद आलं, वाक्य संपलं’ ही हाताची सवय जुनी. ‘जे सभासद वरच्या मजल्यांवर राहतात’ यात ‘राहतात’ हे अगदी अस्सल, वाक्य संपवणारं क्रियापद आहे. हात तिथे टिंब देऊन मोकळा होतो. सुरुवातीचा ‘जे’ तोवर विसरलेला असतो. वाक्य जितकं लांब, तितकं हे विसरणं सोपं.

यावरून तपासायची पद्धतही ठरते. आपलाच मजकूर सलग वाचला तर चूक सापडत नाही, कारण डोळा पूर्णविराम ओलांडून दोन भाग जोडून घेतो. शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करून एकेक वाक्य उलट्या क्रमाने वाचलं की आधार तुटतो. ‘त्यांनी पाणी भरून ठेवावे’ ऐकून झाल्यावर ‘जे सभासद वरच्या मजल्यांवर राहतात’ समोर आलं, तर ते लगेच उघडं पडतं. प्रत्येक वाक्याचा पहिला शब्द आणि क्रियापदाच्या मागचा शब्द, एवढ्या दोनच जागा बघायच्या. पहिल्या जागी ज-शब्द किंवा शेवटच्या जागी ‘म्हणून, तर, तरी, की, म्हणजे, तेव्हा’ दिसला की थांबायचं.

आता ऐरोली, महापे इथल्या कार्यालयांमधून रोज सुटणाऱ्या इंग्रजी मेलकडे वळू. तिथे हाच प्रश्न वेगळ्या तऱ्हेने छळतो. मराठी मनाने विचार करणारा माणूस लिहितो: ‘आय मिस्ड द कॉल. बिकॉज द ट्रेन वॉज लेट.’ संगणकावरचा व्याकरण तपासनीस दुसऱ्या वाक्याखाली रेघ ओढतो. लिहिणाऱ्याला कळत नाही की चुकलं काय. मराठीत ‘कारण लोकल उशिरा आली’ असं वेगळं लिहिलं तर कोणाला खटकत नाही.

वर लावलेली जागेची कसोटी इथे उत्तर देते. मराठी ‘कारण’ पुढे येत नाही, इंग्रजी ‘बिकॉज’ येतो. ‘बिकॉज द ट्रेन वॉज लेट, आय मिस्ड द कॉल.’ हे इंग्रजीत एकदम शुद्ध वाक्य आहे. इंग्रजी वाचकाला ‘बिकॉज’ वाक्याच्या तोंडाशी दिसला की तो मुख्य वाक्य पुढे येणार असं धरून चालतो, जसे आपण ‘जेव्हा’ पाहिल्यावर धरतो. तिथे पूर्णविराम आला की त्याची वाट पाहणं फुकट जातं. म्हणून इंग्रजीत ते गौणवाक्य लटकतं. आपल्या ‘कारण’शी वागणुकीने जुळणारा इंग्रजी शब्द ‘बिकॉज’ नसून ‘फॉर’ आहे, तो जुन्या धाटणीच्या लिखाणात ‘कारण की’ या अर्थाने येतो आणि कधीही पुढे सरकत नाही.

यातूनच शाळेत शिकवलेल्या एका नियमाचा उगम असावा: ‘बिकॉज’ने वाक्य कधीही सुरू करायचं नाही. हा नियम चूक आहे. सुरू करायला हरकत नाही, संपवायची घाई करू नये. त्याच वाक्यात, स्वल्पविरामानंतर, मुख्य वाक्य आलं की काम झालं. ‘ऑल्दो’, ‘सिन्स’, ‘व्हेन’, ‘इफ’ या सगळ्यांचं असंच. इंग्रजीत जोडणारा शब्द गौणवाक्याच्या सुरुवातीलाच असतो, शेवटी कधीच चिकटत नाही. त्यामुळे मराठीत उपयोगी पडणारी ‘सुरुवातीला की शेवटी’ ही खूण तिथे काहीच सांगत नाही. तिथे एकच बघायचं: या पूर्णविरामाच्या आत, जोडशब्द नसलेलं एखादं वाक्य आहे का? नसेल तर ओळ अर्धवट.

शेवटी, जिथे अर्धवट वाक्य चूक नसतं त्या जागा. सगळ्यात मोठी जागा उत्तराची. ‘एवढा उशीर का?’ ‘ट्रान्स-हार्बर बंद होती म्हणून.’ या उत्तरात काहीही कमी नाही. ‘उशीर झाला’ हे मुख्य वाक्य प्रश्नातच होतं, ते परत म्हणायची गरज नाही. व्याकरणात याला अध्याहृत म्हणतात. ‘कधी निघूया?’ ‘पाऊस थांबला की.’ हेही तसंच. दुसरी जागा हळहळीची: ‘तू पाच मिनिटं आधी आला असतास तर!’ पुढचं वाक्य मुद्दामच गिळलेलं आहे आणि ऐकणाऱ्याला ते ठाऊक आहे. इथे उद्गारचिन्ह किंवा टिंबांची ओळ द्यावी, साधा पूर्णविराम नको. कथेतल्या संवादात, जाहिरातीत, व्हॉट्सअ‍ॅपवर तुकड्या-तुकड्यांनी आलेल्या निरोपात हे सगळं चालतं, कारण प्रश्न किंवा प्रसंग शेजारीच असतो.

गाडं अडतं ते हे उत्तर प्रश्नापासून दूर गेल्यावर. फोनवर साहेबांना दिलेलं ‘ट्रान्स-हार्बर बंद होती म्हणून’ हे उत्तर जसंच्या तसं उशिराच्या खुलाशात लिहिलं, की कागदावर प्रश्न नसतो. फाइल सहा महिन्यांनी दुसऱ्याच माणसाच्या टेबलावर येते, आणि त्याला ‘म्हणून’च्या पुढे काय घडलं ते कळायला मार्ग राहत नाही. खुलाशात पूर्ण वाक्यच लागतं: ‘ट्रान्स-हार्बर मार्गावरची वाहतूक बंद होती म्हणून मी कार्यालयात ११ वाजता पोहोचलो.’